नाव विचारा, पद ठरवा, गाव यादीतून घ्या

प्रति,
निमंत्रक आणि सदस्य,
निर्देशिका समिती.

सप्रेम नमस्कार.

सभासद आणि पदाधिकारी निर्देशिकेच्या नव्या आवृत्तीसाठी आपण काढलेले परिपत्रक मिळाले. 'एकसारखेपणाचे नियम' हा मथळा वाचून बरे वाटले आणि पहिलाच नियम वाचून धसका बसला. सर्व सभासदांची मराठी नावे प्रमाणलेखनाप्रमाणे लिहावीत आणि इंग्रजी नावे त्या मराठी नावांवरून एकाच पद्धतीने करावीत, असा तो नियम आहे. तो पाळला तर आपल्या यादीतले सगळे Naique हे Naik होतील, सगळे Dessai हे Desai होतील, आणि गावकर मंडळींची आज जी पाच-सहा इंग्रजी रूपे आहेत त्यांतली एक सोडून बाकीची पुसली जातील. छापलेले पान दिसायला नीटनेटके होईल यात शंका नाही.

मागच्या आवृत्तीची मुद्रिते मी तपासली होती. त्यातल्या चुकांत माझा वाटा आहे, म्हणून आधी माझीच एक चूक सांगतो. पत्र खुले ठेवण्याचे कारणही तेच. ज्यांची नावे छापायची आहेत, त्यांनीही हे वाचावे.

आपले एक वकील सभासद आहेत. नाव सांगत नाही, आडनाव पुरे, आणि गावही मी इथे मुद्दाम बदलले आहे. जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर त्यांचे आडनाव Gauncar असे आहे. मराठीत ते जुन्या वळणाने 'गांवकर' अशी सही करतात. गाव मांद्रे, इंग्रजीत Mandrem. दुसऱ्या एका मंडळावर ते पदाधिकारी असल्यामुळे आपल्या कार्यकारिणीवर ते आपोआप येतात. इंग्रजी नोंदीत त्यांच्यापुढे Ex-Officio Member असे लिहिलेले होते. मजकूर जुळवणाऱ्या मुलाने इंग्रजी यादी संगणकाला दिली आणि त्याच्याकडून देवनागरी काढून घेतली. पदांचे मराठी कोणीतरी घाईत हाताने भरले. छापून आले ते असे: आडनाव 'गौंकार', गाव 'मांद्रेम', पद 'माजी सदस्य'. इंग्रजी विभागात मात्र कोणा सुधारकाने Gauncar खोडून Gaonkar केले. एका नोंदीत चार चुका, आणि त्या पानावर तपासल्याची सही माझी.

वकिलांचा फोन आला. "मी तुमच्या कार्यकारिणीतून कधी निवृत्त झालो ते तेवढे कळवा," एवढेच म्हणाले. माणूस सभ्य.

या चारही चुकांची जात वेगळी आहे, आणि परिपत्रकाने त्या सगळ्यांना एकच औषध दिले आहे. मला सांगायचे आहे ते इतकेच की नाव ही विचारण्याची गोष्ट आहे, गाव यादीतून उचलण्याची, आणि पद मात्र समितीने बसून ठरवण्याची. पहिल्या बाबतीत आपण ठरवायला गेलो तर बिघडते, आणि शेवटच्या बाबतीत विचारायला गेलो तर बिघडते.

आधी आडनावांचे पाहू. गोव्यातली इंग्रजी आडनावे ही बरेचदा इंग्रजी नसतातच. ती पोर्तुगीज लेखनपद्धतीची असतात. नागरी नोंदवहीत ज्या कारकुनाने नाव उतरवले, त्याने आपल्या कानाला ऐकू आले ते आपल्या लिपीच्या नियमाने लिहिले. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला एकेरी s हा 'झ'सारखा वाचला जातो. देसाईचे 'देझाई' होऊ नये म्हणून त्याने s दोनदा काढला आणि Dessai झाले. त्याच हिशेबाने Sardessai. 'श'साठी त्याच्याकडे x होता, म्हणून शेटचे Xete. e किंवा i च्या आधी 'क' लिहायचा तर qu, म्हणून Naique. a, o, u च्या आधी साधा c पुरे, म्हणून Salgaocar, Gauncar. आपल्या बोलण्यातला 'अ' त्याला ओठ गोल केल्यासारखा ऐकू येई, म्हणून प्रभूचे Porobo आणि भटाचे Boto.

हे नियम ज्याला ठाऊक आहेत त्याला Xete वाचून शेट कळतात. संगणकाला त्यात 'क्सेटे' दिसतात. पण म्हणून ते आडनाव Shet असे 'दुरुस्त' करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. जमिनीची कागदपत्रे, जन्मदाखला, पासपोर्ट, बँक, सगळीकडे ती व्यक्ती Xete आहे. आडनाव बदलायचे तर गोव्यात त्यासाठी १९९० सालचा स्वतंत्र कायदा आहे, त्याची रीतसर प्रक्रिया आहे. जे काम नागरी निबंधकाच्या दारात करायचे, ते आपण मुद्रितशोधकाच्या लाल शाईने करू नये. एकाच घरातल्या दोन भावांपैकी एक Gauncar आणि दुसरा Gaonkar असला, तरी यादीत ते तसेच राहू द्यावेत. वाचणाऱ्याला विसंगती वाटेल, पण टपालवाल्याला आणि बँकेला तीच सुसंगती आहे.

उलट्या दिशेचा प्रवास त्याहून निसरडा आहे. इंग्रजी आद्याक्षर S. असले तर मराठीत ते सु. की शं. की श्री. की स. हे कोणत्याही पद्धतीने काढता येत नाही. ज्ञानेश्वरचे आद्याक्षर मराठीत ज्ञा., इंग्रजीत कोणी D. लिहितो, कोणी J. मधले नाव आले की आणखी गुंता. आपण धरून चालतो की मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे. ख्रिस्ती सभासदांकडे पोर्तुगीज रीतीने आधी आईचे आडनाव आणि शेवटी वडिलांचे असे दोन्ही असू शकते. आपल्या अर्जात 'वडिलांचे/पतीचे नाव' असा रकाना ठेवून आपण त्यांना चुकीची माहिती भरायला भाग पाडतो. 'पूर्ण नाव, जसे कागदपत्रावर आहे तसे' अशी एकच लांब ओळ ठेवावी. D'Souza, De Souza आणि de Sousa ही तीन वेगळी आडनावे समजावीत, वरचा स्वल्पविराम आणि मधली जागा जशीच्या तशी छापावी, फक्त अकारविल्हे लावताना त्या दोन्ही नाहीत असे मानावे. Fernandes चा शेवटचा s कोणी z करू नये. तो पोर्तुगीज आहे, z केला की स्पॅनिश होतो.

आता मराठी नावाचे. प्रमाणलेखनाचा आग्रह मी आयुष्यभर धरला, पोट त्यावर भरले. पण १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने जे नियम केले, त्यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकला तो भाषेतल्या शब्दांवरचा. 'नांव'चे नाव झाले, 'गांव'चे गाव झाले. ज्याचे आजोबा 'गांवकर' अशी सही करत आणि तोही करतो, त्याच्या सहीवर कुठल्याही महामंडळाची सत्ता चालत नाही. विष्णु की विष्णू, हरि की हरी, प्रभुदेसाई की प्रभूदेसाई की प्रभु देसाई, हे प्रत्येकाने आपापले लिहून द्यावे. माझा सल्ला असा की अर्जावर सभासदाने स्वतःच्या हाताने देवनागरीत नाव लिहावे, टंकलिखित नको, आणि अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ याबद्दल शंका आली तर फोन करावा. मागच्या वेळी आठशेच्या वर नोंदी होत्या. त्यांतल्या शंकेच्या नोंदी फार तर साठ-सत्तर निघतील. चार जणांना दोन संध्याकाळचे काम.

ज्यांनी मराठी रूप लिहूनच दिले नाही त्यांचे काय, असे आपण विचाराल. त्यांच्यासाठी वृत्तपत्रांत रूढ असलेले रूप घ्यावे, म्हणजे फर्नांडिस, डिसोझा, कुतिन्हो, सिक्वेरा. पण कच्च्या छपाईत त्या नावापुढे खूण करावी आणि ते पान त्या सभासदाला दाखवल्याशिवाय पक्के करू नये.

गावांचा प्रश्न दिसायला तसाच, पण त्याचे उत्तर अगदी उलटे आहे. गावाला कोणी विचारू शकत नाही, आणि गावकऱ्याला विचारले तर प्रत्येक जण वेगळे सांगतो. राजधानीचीच Panaji, Panjim आणि Pangim अशी तीन रूपे लोक अजून लिहितात. इथे एक यादी हवी. इंग्रजीत जे रूप शासकीय राजपत्रात आहे ते, आणि मराठीत जे गोव्यातला मराठी माणूस लिहितो-बोलतो ते. दोन्ही रूपे एका ओळीत बांधून टाकायची, आणि मग अर्जात सभासदाने काहीही लिहिलेले असो, छापताना त्या ओळीतलेच घ्यायचे.

ही यादी लिप्यंतराने होणार नाही, आणि का होणार नाही ते समजून घेण्यात मोठी गंमत आहे. आपला स्वरांच्या मधला 'ड' जीभ उचलून फटकन खाली येतो. पोर्तुगीज कानाला तो r ऐकू आला. म्हणून मडगावचे Margao, पेडण्याचे Pernem, कुडतरीचे Curtorim, बांदोड्याचे Bandora, काकोड्याचे Cacora. कुडचड्यात तर दोन ड, म्हणून Curchorem मध्ये दोन r. फोंड्यातला ड मात्र अनुनासिकाला टेकून येतो, तो वाचला आणि Ponda झाले. शेवटचा m हा 'म' नव्हेच, ती नाकात जाणाऱ्या स्वराची खूण आहे. कोकणीत आजही पेडणें, केपें, मांद्रें असा अनुस्वार लिहितात. Pernem, Quepem, Mandrem मधला m म्हणजे तोच अनुस्वार, रोमन वेषातला. मराठीने १९६२ नंतर तो टाकला. त्यामुळे आपल्या मराठी विभागात पेडणे, मांद्रे बिनअनुस्वाराचेच राहतील. कोणी कोकणीप्रेमी सभासदाने अनुस्वार मागितला तर त्याला इतकेच सांगावे की त्याच्या भाषेत त्याचे बरोबर आहे, हा विभाग मराठीचा आहे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरीतली कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापरालाही जागा आहे. निर्देशिकेच्या गावांच्या रकान्यात तो जुना वाद पुन्हा पेटवायची गरज नाही.

यातून एक मजेशीर अडचण उभी राहते आणि ती चूक समजून कोणी सुधारायला जाईल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे आडनाव इंग्रजीत Bandodkar, आणि बांदोडे गाव इंग्रजीत Bandora. काकोडकर Kakodkar, काकोडा Cacora. कवळेकर Kavlekar, कवळे Queula. पेडणेकर Pednekar, पेडणे Pernem. आडनावाने पोर्तुगीज अंगरखा उतरवला, गावाने ठेवला. एकाच ओळीत Pednekar आणि Pernem शेजारीशेजारी आले तर ते दोन्ही बरोबर आहे. नाव माणसाच्या कागदावरून आले, गाव राजपत्रावरून.

रेल्वेने आणखी एक पदर जोडला आहे. स्थानकाच्या पाटीवर Madgaon असते, शहर Margao. स्थानक Karmali, गाव Carambolim, मराठीत दोन्ही करमळी. आपण पत्ते छापतो, गाड्यांचे वेळापत्रक छापत नाही. तेव्हा शहराचे आणि गावाचे रूप घ्यावे.

हे सगळे झाल्यावर तपासायचे कसे? मी मागच्या वेळी प्रत्येक नोंद सरळ वाचत गेलो आणि डोळा सरावला. सरावलेल्या डोळ्याला 'मांद्रेम' दिसत नाही, तो मांद्रे वाचून पुढे जातो. आता मी असे करतो: मराठी विभागाचा फक्त गावांचा रकाना वेगळा काढतो आणि शेवटी 'म' असलेली नावे शोधतो. 'पेर्नेम', 'केपेम', 'बिचोलिम', 'सांकेलिम' अशी सगळी पिल्ले एका फटक्यात सापडतात. डिचोली आणि साखळीवाल्यांनी स्वतःच्या गावाचे हे रूप वाचले तर ते निर्देशिका परत करतील. मग आडनावांच्या रकान्यात 'क्स', 'स्स' आणि 'क्यू' शोधतो. 'क्सेटे', 'देस्साई' आणि 'नाईक्यू' यांना पकडण्याचा तो सापळा. शेवटी 'कार'ने संपणारी आडनावे. त्यांत सरकारच्या जातीचे खरे एखादे निघेल, बाकी सगळे 'कर' असतात.

एक चूक डोळ्याला दिसतच नाही, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वकिलांच्या नोंदीत तीही होती. त्यांच्या नावापुढचे 'ॲड.' काही पानांवर एका पद्धतीने टंकलेले होते, काहींवर दुसऱ्या. युनिकोडमध्ये 'ॲ' हे एकच अक्षर आहे, त्याचा क्रमांक U+0972. ते २००८ साली आले. त्याआधी आणि अजूनही अनेक कळफलक 'अ' आणि वरचा अर्धचंद्र असे दोन तुकडे जोडून ते काढतात, म्हणजे U+0905 आणि U+0945. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणक त्यांना एक मानत नाही, युनिकोडच्या नियमांतही ती दोन रूपे समतुल्य धरलेली नाहीत. परिणाम असा की यादीत 'ॲड.' शोधले की निम्मे वकील सापडतात, निम्मे नाहीसे. आणि क्रम लावला की एकाच उपाधीचे दोन गट पडतात. आपले वकील सभासद दोन याद्या जोडताना दोन वेगळे सभासद झाले होते, ते याच कारणाने. 'ऱ्य', 'ऱ्ह' या जोडाक्षरांचेही तसेच: गोऱ्हे, कोऱ्हाळकर यांसारखी आडनावे वेगवेगळ्या प्रकारे टंकली जातात. उपाय सोपा आहे. मजकूर छापखान्यात जाण्याआधी एकदा सगळीकडे शोधून-बदलून U+0972 करून घ्यावे. आणि मुख्य म्हणजे मराठी नोंद आणि इंग्रजी नोंद यांना जोडणारा दुवा नाव नसावा, सभासद क्रमांक असावा. मराठी विभाग क-ख-ग ने लागतो, इंग्रजी ए-बी-सी ने. कामत मराठीत सुरुवातीला येतात आणि इंग्रजीत मधे. क्रमांक दोन्हीकडे छापला तर वाचकालाही एका विभागातून दुसऱ्यात जाता येते.

उपाध्यांबद्दल माझे मत काहींना कडक वाटेल. परिपत्रक म्हणते, सभासदाने ज्या उपाध्या दिल्या त्या सर्व ठेवाव्यात. मग मागच्यासारखेच होईल: एका पानावर 'मा. श्री. ॲड.', दुसऱ्यावर नुसते नाव. माझ्या मते श्री. आणि श्रीमती या दोन सर्वांना, आणि त्यांच्या जागी डॉ., ॲड., प्रा. यांपैकी एकच. 'सौ.' आणि 'कु.' काढून टाकाव्यात. पुरुषाचे लग्न झाले आहे की नाही हे आपण छापत नाही, बाईचेही छापायचे कारण नाही. काही ज्येष्ठ भगिनींना 'सौ.' हवेच असते, याची मला कल्पना आहे. माझ्या घरातच एक आहे. तरीही. 'मा.' हा बोलावणे पाठवताना लावायचा शब्द आहे, यादीत तो सगळ्यांना लावला तर कोणालाच लावल्यासारखा नाही. पद्मश्री आणि तत्सम सन्मान नावाआधी लावू नयेत. हे माझे मत नसून सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात सांगितले आहे की हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत आणि नावाच्या मागेपुढे वापरू नयेत. नोंदीच्या शेवटी 'सन्मान' म्हणून वेगळी ओळ देता येईल.

राहिली पदे. इथे मात्र समितीने हात आखडता घेऊ नये. पद व्यक्तीचे नसते, म्हणून व्यक्तीला विचारू नका. विचारले की एक सचिव स्वतःला 'चिटणीस' लिहितो, दुसरा 'कार्यवाह', तिसरा 'सेक्रेटरी', आणि तिघेही एकाच घटनेखाली निवडून आलेले असतात. आपल्या घटनेत जो शब्द आहे तो घ्या आणि समोर एकच इंग्रजी शब्द ठेवा. सरकारी पदांसाठी खात्यांत चालणारा शब्द घ्या: अवर सचिव, सह सचिव, गटविकास अधिकारी, कार्यकारी अभियंता. महाराष्ट्रातली छापील कोष्टके आणून चिकटवू नका. तिथे तहसीलदार, आपल्याकडे मामलेदार, आणि इंग्रजीतही Mamlatdar च. कोमुनिदादचा एस्क्रिवांव हा कारकून म्हणून छापला तर गावात कोणाला कळणार नाही कोणाबद्दल लिहिले आहे.

सगळ्यात जास्त फसवणारा शब्द देवस्थानांच्या पानांवर आहे. १९३३ च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे चालणाऱ्या समित्यांत अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्याबरोबर एक Attorney असतो. इंग्रजी कोशात पाहून एका मसुद्यात त्याचा 'वकील' केलेला मी स्वतः पाहिला. तो देवस्थानाचा मुखत्यार. देवस्थानाच्या वतीने व्यवहार पाहण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, वकिलीची सनद असायलाच हवी असे नाही. समजा मुखत्यार स्वतः वकील असला, तर 'ॲड.' त्याच्या नावाआधी येईल आणि 'मुखत्यार' पदाच्या रकान्यात. उपाधी माणसाबरोबर जाते, पद खुर्चीबरोबर. हे दोन रकाने एकदा वेगळे केले की बरेच गोंधळ आपोआप मिटतात. 'माजी' हा शब्दही मग पदाच्या रकान्यातच बसतो, नावाला चिकटत नाही.

पदांची जोडयादी झाली की तिची एक परीक्षा घ्यावी. इंग्रजी रकाना झाकून नुसता मराठी रकाना अशा माणसाला द्यावा ज्याने यादी केलेली नाही, आणि त्याला इंग्रजी लिहायला सांगावे. Deputy Director आणि Joint Director या दोघांनाही आपण 'उपसंचालक' केले असेल, तर परत येताना दोघांचे एकच होईल आणि चूक तिथेच उघडी पडेल. सरळ ठरवावे: Deputy म्हणजे उप, Joint म्हणजे सह, Additional म्हणजे अतिरिक्त, Assistant म्हणजे सहायक, आणि एकदा ठरले की अपवाद नाही. 'कार्यकारी' हा शब्द Executive साठी राखून ठेवावा. तात्पुरता पदभार असेल तिथे 'प्रभारी' लिहावे, नाहीतर कार्यकारी अभियंता कायमचा आहे की तात्पुरता हा प्रश्न पडतो. Ex-Officio म्हणजे पदसिद्ध, आणि Ex- म्हणजे माजी. ही परीक्षा मी मागच्या वेळी घेतली असती, तर 'माजी सदस्य' परत फिरून Ex-Member होऊन आला असता आणि वकिलांना फोन करावा लागला नसता. स्त्री पदाधिकाऱ्यांसाठी अध्यक्ष आणि सचिव हेच शब्द पुरेत. 'अध्यक्षा' आणि 'सचिवा' यांपैकी एक रुळलेला आणि दुसरा न रुळलेला आहे, त्यातच अडचण स्पष्ट होते.

तर त्या वकील सभासदांची नोंद नव्या आवृत्तीत अशी यावी: सभासद क्रमांक दोन्ही विभागांत तोच. मराठीत उपाधी ॲड., एकाच अक्षराने टंकलेली. आडनाव गांवकर, अनुस्वारासह, कारण तशी त्यांची सही आहे. गाव मांद्रे, बिनअनुस्वाराचे, कारण ते यादीतून आले. पद पदसिद्ध सदस्य. इंग्रजीत Adv., Gauncar, Mandrem, Ex-Officio Member. एका ओळीत गांवकरला अनुस्वार आणि मांद्रेला नाही, हे पाहून कोणीतरी मुद्रितशोधक नक्की पेन उचलेल. त्याच्या माहितीसाठी निर्देशिकेच्या आरंभीच्या पानावर दोन ओळी छापाव्यात: नावे सभासदांनी दिल्याप्रमाणे आहेत, गावे आणि पदे समितीच्या यादीप्रमाणे आहेत.

परिपत्रकाची मुदत पंधरवड्याची आहे. पहिला नियम मागे घेऊन नवा अर्ज काढायला तेवढा वेळ पुरेल. अर्जाचा नमुना मी करून ठेवला आहे, एका पानाचा आहे, कार्यालयात मागितलात तर आणून देईन. गावांच्या यादीत फोंडा आणि डिचोली तालुके मी भरले आहेत. सासष्टी आणि काणकोण तिथल्याच कोणीतरी भरावेत, माझा कान तिथे पक्का नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या आवृत्तीचा मुद्रितशोधक आणि आजीव सभासद,
फोंडा.

ता. क.: माझे स्वतःचे आडनाव मागच्या आवृत्तीत मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडे बरोबर छापले होते. ते पान मी दोनदा तपासले होते.